गच्चीबाग पत्र: कप 'ब'ला मिळाला, मी 'अ' निवडला

मंडळी, जूनच्या अंकाच्या मेलला दोनपैकी कोणती विषयओळ द्यायची, याची यादीतल्या काही जणांवर चाचणी झाली. रिपोर्टचा स्क्रीनशॉट काढताना एकच पथ्य पाळलं: नुसते टक्के नकोत, पोचलेल्या मेलचा रकानाही चौकटीत हवा. टक्के कशाने भागून काढलेत ते त्याशिवाय कळत नाही.

विषयओळी अशा होत्या. अ: 'पावसाआधी कुंडीतली माती अशी बदला'. ब: 'तुमच्या कुंडीत पाणी साचतंय का?' आतला मजकूर एकच, पाठवण्याची वेळ एकच, यादी यदृच्छया विभागलेली. दोन्ही बाजूंना 412 मेल पोचल्या. 'अ' 171 जणांनी उघडली, म्हणजे 41.5 टक्के, 'ब' 198 जणांनी, 48.1 टक्के. आतल्या लिंकवर क्लिक करणारे मात्र 'अ'चे 37 आणि 'ब'चे 25. स्क्रीनशॉटमध्ये क्लिक रेट 9.0 आणि 6.1 दिसतो, म्हणजे भागाकार पोचलेल्या मेलने केलाय. उघडलेल्यांनी भागला असता तर 21.6 आणि 12.6 आला असता. दुसऱ्याच्या रिपोर्टशी तुलना करण्याआधी हे तपासाच.

विजेत्याचा कप 'ब'पुढे झळकतोय, कारण सेटिंगमध्ये निकष ओपन रेटचा, म्हणजे मेल उघडणाऱ्यांच्या टक्क्यांचा होता. पण ओपन मोजलं जातं ते मेलमधलं एक अदृश्य चित्र लोड झाल्यावर. 2021 साली iOS 15 सोबत ॲपलने मेल प्रायव्हसी आणली, तेव्हापासून ती चालू ठेवणाऱ्यांकडे हे चित्र माणसाने मेल न उघडताही लोड होऊ शकतं. यादी यदृच्छया विभागलेली असली की असे खोटे ओपन दोन्हीकडे साधारण सारखेच पडतात. त्यामुळे ते एका बाजूला जिंकवत नाहीत, पण खरा फरक पुसट करतात.

शिवाय प्रश्नाने कुतूहल जागं होतं, पण आत होतं माती-खत-कोकोपीटचं प्रमाण. ज्याला ते हवं होतं तो 'अ' वाचूनच आला असावा. म्हणून माझा कौल क्लिकला. क्लिकही डोळे झाकून धरू नयेत: कंपन्यांच्या मेलवरचे सुरक्षा स्कॅनर लिंका स्वतःच उघडून पाहतात. मेल पोचताच काही सेकंदांत सगळ्या लिंकांवर, अगदी अनसबस्क्राइबवरही, क्लिक दिसला तर तो माणूस नव्हे. तसे काढूनच वरचे आकडे धरलेत.

आता 37 विरुद्ध 25 हा फरक पुरेसा आहे का? क्लिक रेट एवढा कमी असताना एक ढोबळ हिशेब चालतो: दोन्ही आकड्यांची बेरीज 62, तिचं वर्गमूळ साधारण 8, त्याची दुप्पट 16. फरक त्याहून मोठा हवा. आपला 12 आहे. म्हणजे नशिबाचा खेळ अजून नाकारता येत नाही.

उरलेल्या यादीला 'अ' पाठवली, कारण काहीतरी एक पाठवायचंच होतं. पण माझ्या वहीत 'विजेता' लिहिलेलं नाही. पुढच्या अंकात जास्वंदीवरच्या मिलीबगसाठी पुन्हा 'असं करा' विरुद्ध 'तुमच्याकडे आहे का?' हीच जोडी लावतोय, आणि या वेळी विजेत्याचा निकष आधीच क्लिकवर ठेवलाय. दोन्ही अंकांचे क्लिक एकत्र करून तोच हिशेब पुन्हा मांडेन.