तेलाच्या पिशवीवर तारीख लिहिली तेव्हा

आहारतज्ज्ञ बाईंनी मला दिवसाला 1600 कॅलरी आणि 50 ग्रॅम स्निग्धांश असा हिशोब दिला, तेव्हा मी निर्धास्त होते. आमच्याकडे वडे-भजी महिन्यातून एखाद्या वेळी होतात, बाहेरचं खाणं जवळजवळ नाहीच. तरी चार महिन्यांत वजन जागचं हललं नव्हतं.

बाईंनी विचारलं, "महिन्याला तेल किती लागतं?" मला सांगता येईना. मग घरी आल्यावर नवी एक लिटरची पिशवी फोडली आणि तिच्यावर पेनाने तारीख टाकली. दहाव्या दिवशी पिशवी संपली. एक लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. आम्ही तिघं, म्हणजे माणशी रोज 30 ग्रॅम फक्त तेल. तळण काही केलं नसताना!

हे जातं कुठे, ते शोधायला स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. भाजीची फोडणी मोजली, आमटीची मोजली, त्यात अनपेक्षित असं काही सापडलं नाही. मग पोळ्यांना बसताना तेलाची वाटी काट्यावर ठेवली आणि बारा पोळ्या झाल्यावर पुन्हा ठेवली. 38 ग्रॅम कमी. मोहन, घडीत लावलेलं बोट, तव्यावर सोडलेलं थेंबथेंब, सगळं मिळून एका पोळीला तीन ग्रॅमच्या वर. मी दिवसाला चार पोळ्या खाते, म्हणजे जवळपास 13 ग्रॅम तेल पोळीतूनच जात होतं.

तुपाचंही तसंच. वरणभातावर "एक चमचा" तूप घेते, असं मी वहीत लिहीत होते. थंडीत घट्ट झालेलं तूप चमच्यावर शिगोशीग येतं. काट्यावर ते 11 ग्रॅम भरलं. तोच चहाचा चमचा तूप पातळ करून सपाट भरला, तर पाचच्या आतबाहेर.

सगळं एकत्र मांडलं. तेल 30, तूप 11, भाजी-कोशिंबिरीत माझ्या वाट्याला येणारं 20 ग्रॅम कूट म्हणजे 10, सकाळचे दहा बदाम 6, दोन अक्रोड 5, गाईचं दूध-दही 12, धान्य-डाळींतून साधारण 8. बेरीज 82, म्हणजे ठरलेल्या 50 पेक्षा 32 जास्त. एका ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे रोज जवळपास 290 कॅलरी जास्त. त्यात एकही पदार्थ वाईट नव्हता, हेच मला सगळ्यात लागलं.

आधी मी चूक केली. शेंगदाण्याचं तेल बंद करून "हलकं" म्हणून करडईचं आणलं. पण चमचाभर तेलाच्या कॅलरी कुठल्याही तेलात सारख्याच. फरक असतो तो आतल्या स्निग्धाम्लांच्या प्रकारात. मग आठवडाभर फोडणीच अगदी तोडली. भाजी कढईला चिकटायची, जेवण पोटात टिकायचं नाही आणि चार वाजता हात शेवेच्या डब्यात जायचा.

शेवटी दूध-धान्यातले 20 बाजूला ठेवून उरलेल्या 30 ची वाटणी केली. तेल 15, म्हणजे दिवसभराच्या फोडण्यांना तीन सपाट चमचे. कमी करायचं तेल पोळीतून काढायचं ठरवलं आणि माझ्यासाठी फुलके सुरू केले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, कोरडा फुलका घशाखाली उतरायचा कसा?" म्हणून तूप 5 ग्रॅम ठेवलं आहे, ते वरणावर न घेता दुपारच्या फुलक्यांना लावते. तुपात निम्म्याहून जास्त भाग संतृप्त स्निग्धांशाचा असतो आणि दुधातूनही तो येतोच, त्यामुळे तूप वाढवण्यापेक्षा फोडणीचं तेल राखलेलं मला बरं वाटतं.

उरलेले 10 ग्रॅम दाण्यांचे. इथे मी कुटाच्या बाजूने आहे. 20 ग्रॅम कुटातून 10 ग्रॅम स्निग्धांशाबरोबर पाच ग्रॅम प्रथिनंही मिळतात, आणि मेथीची भाजी कुटाशिवाय मला भाजीच वाटत नाही. म्हणून भाजीत कूट पडलं की त्या दिवशी बदाम बंद. फक्त शेंगदाण्यात ओमेगा-3 नसल्यासारखंच, ते अक्रोडात आणि जवसात असतं. म्हणून आठवड्यातून तीनदा कूट निम्मं करते आणि दोन अक्रोड किंवा चमचाभर जवसाची चटणी घेते.

पिशवी आता सतरा दिवस पुरते. लेकाला अजून घडीची पोळीच हवी असते आणि तो वाढीच्या वयाचा आहे, म्हणून त्याच्या पोळ्यांना मी हात लावलेला नाही. त्यामुळे माझ्या वाट्याचं तेल नेमकं किती, हे पिशवीवरून कळत नाही; त्यासाठी महिन्यातून एकदा वाटी काट्यावर ठेवते. मागच्या खेपेला माझे 16 ग्रॅम निघाले. तो जास्तीचा ग्रॅम बहुतेक वांग्याच्या भाजीचा, वांगं तेल पितंच.