भुवया काही थांबत नाहीत

शटरवर चिकटवलेले कागद वाचायची मला खोड आहे. "काही अपरिहार्य कारणास्तव बंद", एवढंच, खाली ना तारीख ना फोन, आणि पावसाने शाई ओघळलेली. गोव्यात आमच्या फोंड्यात असा कागद लागला की संध्याकाळपर्यंत तीन कथा तयार असतात, मालक आजारी आहे, भावाभावांत जागेवरून वाजलंय, नाहीतर सगळे पोर्तुगीज पासपोर्टावर परदेशात गेले.

त्यामुळे 2025 च्या जूनमध्ये वहिनीने तिच्या पार्लरच्या गिऱ्हाइकांना पाठवायचा मेसेज मला दाखवला तेव्हा मी जरा जास्तच बारकाईने वाचला. "प्रिय ग्राहक, आपल्याला अधिक चांगली सेवा देण्यासाठी पार्लर काही दिवस बंद राहील, गैरसोयीबद्दल क्षमस्व", पुढे गुलाबाची फुलं आणि हात जोडलेले. म्हटलं वहिनी, छान आहे, पण हे वाचून बाईने करायचं काय?

काम तसं साधं होतं. केस धुवायच्या बेसिनची पाइप लादीखाली गळत होती, चिऱ्याच्या भिंतीला गुडघ्यापर्यंत ओल चढलेली, म्हणजे लादी फोडा, पाइप बदला, परत लादी, पुट्टी, रंग. जुलै निवडला कारण आषाढी 6 जुलैला होती आणि चातुर्मासात आपल्याकडे लग्नं नसतात, नवरींची बुकिंग नाहीत. आणि गणपतीची चवथ 27 ऑगस्टला, त्याआधीचे तीन आठवडे तर पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा शटर वर असायलाच हवं. कंत्राटदार म्हणाला बारा दिवस. वहिनीने 7 जुलै ते 27 जुलै लिहिलं, 28 ला सोमवारी चालू. बाराचे एकवीस का, तर भर पावसात ओल्या भिंतीवरची पुट्टी लवकर सुकत नाही आणि घाईने रंग मारला तर महिन्यात फुगे येतात. शिवाय चवथीआधी रंगारी मिळणं म्हणजे, अख्खा गोवा तेव्हाच घर रंगवतो, तो अर्ध्यात ब्रश ठेवून कुणाच्यातरी देवघराकडे गेला की गेला. लवकर उघडलं तर कोणी भांडत नाही, पण सांगितलेल्या तारखेला येऊन शटर बंद दिसलं तर बाई दुसरीकडे जाते ती जातेच.

पण खरी गंमत पुढे आहे. आपण तारखा मोजतो मिस्त्रीच्या कामाप्रमाणे, आणि गिऱ्हाईक मोजतं केसांप्रमाणे. डोक्याचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून मुळांचा रंग बायका पाच-सहा आठवड्यांनी करतात. ती बाई 4-5 जुलैला रंग करून गेली तर 28 ला मुळं जेमतेम दिसायला लागतात, तिला मध्ये कुठेच जायची गरज नाही, म्हणजे तिच्यासाठी पार्लर जवळजवळ बंद झालंच नाही. फक्त हे तिला आधी कळायला हवं, आदल्या रात्री नाही. म्हणून मेसेज 18 जूनला गेला, आणि त्यात स्पष्ट लिहिलं की रंगवाल्यांनी 5 जुलैच्या आत येऊन जा.

भुवयांचं तसं नाही. थ्रेडिंग दोन-तीन आठवड्यांनी लागतंच, म्हणजे थ्रेडिंगवाली जवळजवळ प्रत्येक बाई या काळात एकदा तरी दुसऱ्या कुणाच्या दोऱ्याखाली बसणार, आणि तिथल्या मुलीचा हात चांगला निघाला तर मग झालं! तेव्हा पर्याय द्यायचा तो मुख्यतः यांना. वहिनीने मंगळवार आणि शुक्रवारी घरी येऊन थ्रेडिंग ठेवलं, फोंडा आणि आसपास, किमान दोघीजणी असतील तर, म्हणजे शेजारणीला पण बोलवा. वॅक्सिंग घरी नको म्हणाली, जुलैत लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि हीटर बंद पडला की अर्ध्या पायावर काम अडकतं. रंग तर नाहीच, बेसिन लागतं.

आणि ज्यांना मध्येच रंग हवाच आहे, कुणाकडे बारसं, कुणाचा साखरपुडा, त्यांचं काय? इथे वहिनी अडून बसली, मी माझं गिऱ्हाईक माझ्या हाताने दुसरीकडे पाठवू? मला ते कळतं. पण ती बाई जाणार आहेच, प्रश्न एवढाच की तिथे तिचे केस नीट होतात की बिघडून परत आपल्याकडे येतात. शेवटी एका ओळखीच्या पार्लरशी बोलून ठेवलं आणि ज्यांनी मागितलं त्यांना रंगाचं कार्ड करून दिलं. त्यावर कंपनीचं नाव, शेड 5.3, रंगात मिसळायचं डेव्हलपर 20 व्हॉल्यूम, 35 मिनिटं, शेवटचा रंग कधी. कंपनीचं नाव मुद्दाम, कारण एका कंपनीचा 5.3 आणि दुसरीचा 5.3 डोक्यावर एकसारखा उतरेलच असं नाही. कंपनी बदलणार असेल तर 48 तास आधी कानामागे पॅच टेस्ट करून घ्या, हेही खाली लिहिलं. मला विचाराल तर अख्ख्या मेसेजमध्ये हे कार्ड सगळ्यात भारी, कारण आपल्या रंगाचा नंबर हातात देणाऱ्या पार्लरवालीला बाई विसरत नाही.

दोन गोष्टी मेसेजमध्ये सगळ्यांना न सांगता एकेकीला फोन करून सांगितल्या. शिरोड्याची एक क्रिस्ती नवरी होती 12 जुलैची, त्यांना चातुर्मासाचं काही नाही, तिचा मेकअप घरी जाऊन करायचं ठरलं. आणि फेशियलचं पॅकेज आधीच पैसे भरून घेतलेल्या काहीजणी, मुदत 31 जुलै, ती 31 ऑगस्ट केली. त्यांना परत उघडतानाच्या ऑफरच्या आधी हे कळायला हवं, नाहीतर वाटतं आमचे पैसे बुडवून नव्यांना सूट चाललीय.

आता ऑफर. वहिनीच्या डोक्यात होतं सगळ्यावर 20 टक्के. म्हटलं हजाराच्या रंगावर दोनशे गेले, ट्यूब-डेव्हलपरचे साडेतीनशे तेवढेच राहिले, उरले साडेचारशे, त्यात मुलीचा पगार, लाइट, भाडं, आणि वर नव्या लाद्यांचं बिल. त्यापेक्षा सहाशेच्या वर काहीही करा, थ्रेडिंग फ्री. दोऱ्याचा खर्च तो काय, जातात ती दहा मिनिटं. पण शनिवारी संध्याकाळी दहा मिनिटंच महाग असतात, म्हणून फक्त मंगळवार ते गुरुवार, 29 जुलै ते 14 ऑगस्ट. शिवाय हातून निसटण्याची भीती होती ती थ्रेडिंगवालीचीच, तीच पहिली परत येऊन बसते.

राहिलं पाठवणं. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जणच मावतात ते ठीक, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्हच केलेला नाही त्यांना तो मेसेज पोचत नाही, आणि नवीन गिऱ्हाइकं नेमकी तीच असतात. त्यांना पुतणीने एकेक करून पाठवलं, कुरकुरत. गूगलवर 'तात्पुरतं बंद' केलं, ते परत 'चालू' आपणच करावं लागतं, म्हणून मोबाइलमध्ये 27 च्या रात्रीचा अलार्म.

मेसेज गेला आणि पाच मिनिटांत बोरीच्या एका काकींचं उत्तर आलं, तारखा कळल्या, कार्ड पण दे, ऑफर बरी आहे, पण बाय, एसी नवीन बसवतेस की तोच? वहिनीने त्यांना कार्ड तेवढं पाठवलं.