आमची वाटचाल: आठ जणांच्या चाचणीत पहिला क्रमांक कशाला?

कोल्हापुरात आम्ही दोघींनी कंपनी काढली तेव्हा ॲपचे स्क्रीन तयार करून देणं एवढंच काम होतं. पुढे ग्राहकच विचारू लागले, की हे लोकांना नीट वापरता येतंय का, तेही बघून द्याल का? आज आमचं बरंचसं काम वापरचाचणीचं आहे. लोकांना खरी कामं देऊन शेजारी बसून बघणं त्यात आलंच. पण आमचा खरा कस लागतो तो नंतरच्या बैठकीत, जे दिसलं ते ॲप बनवणाऱ्या टीमसमोर मांडताना. आमची पद्धत पक्की झाली ती एका सहकारी बँकेच्या ॲपच्या कामात.

आठ खातेदार होते. काम साधं: नवीन माणसाचं खातं जोडायचं आणि त्याला पैसे पाठवायचे. सगळं चाचणीच्या खात्यावर, खरा रुपया कुठेच हलत नव्हता. प्रत्येकाचं वागणं आणि बोलणं आम्ही एकेका चिठ्ठीवर लिहीत गेलो. नावाऐवजी फक्त क्रमांक.

चिठ्ठ्या भिंतीवर लावल्या तेव्हा पहिल्या नजरेला त्या विखुरलेल्याच वाटल्या. एकाने खाते क्रमांक तीनदा बदलला. एकीने मागे जाऊन दुसरी शाखा शोधली. एकाने सरळ मुलाला फोन लावला. एकजण म्हणाले, "पासबुकात बघूनच टाकलंय की, मग चुकीचं कसं म्हणतंय?" कारण मात्र सगळ्यांचं एकच निघालं. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. छापील पासबुकात ते इंग्रजी 'ओ'सारखं दिसतं, म्हणून आठपैकी पाच जणांनी 'ओ' टाकला. ॲप फक्त 'अवैध कोड' म्हणत होतं. नेमकं काय चुकलं ते सांगत नव्हतं. म्हणून आम्ही चिठ्ठ्या स्क्रीनप्रमाणे लावत नाही, कारणाप्रमाणे लावतो. स्क्रीनप्रमाणे लावल्या असत्या तर याच एका गोष्टीच्या चार तक्रारी झाल्या असत्या.

दुसरी गोष्ट फक्त दोघांच्या बाबतीत घडली. जोडलेल्या माणसांच्या यादीत नुसतं नाव दिसायचं. एकाच नावाची दोन माणसं असली की कोण कुठला ते कळायला मार्ग नव्हता. दोघांनी चुकीच्या माणसाला पैसे पाठवले. त्यातल्या एक बाई शेवटी समाधानाने म्हणाल्या, "झालं की, गेले पैसे. सोपं आहे ॲप." हे वाक्य एकटंच अहवालात गेलं असतं तर ती शाबासकी ठरली असती. म्हणून आमच्याकडे प्रत्येक बोलण्याच्या शेजारी त्या वेळी हात काय करत होता ते लिहिलेलं असतं. वाक्य निवडतानाही सर्वांत चटकदार ते घेत नाही. ज्यात बऱ्याच जणांचं वागणं दिसतं ते घेतो, आणि आहे त्या बोलीत ठेवतो.

बैठकीत आम्ही नावांच्या यादीची अडचण पहिल्या क्रमांकावर ठेवली आणि आयएफएससीची दुसऱ्या. प्रॉडक्ट मॅनेजरांनी लगेच विचारलं, "पाच जण अडकले ते खाली आणि दोघांचं वर कसं?" प्रश्न रास्त होता. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांची 0 ते 4 ची गंभीरतेची मोजपट्टी आम्ही वापरतो. तिच्यात किती जणांना त्रास झाला हे एक माप आहे. त्याबरोबर परिणाम किती मोठा, आणि एकदा कळल्यावरही त्रास पुन्हा होतो का, हेही बघतात. आयएफएससीचा त्रास खातं जोडताना एकदाच होतो आणि ॲप निदान अडवतं तरी. त्याला 3. नावाचा घोळ प्रत्येक वेळी पैसे पाठवताना होऊ शकतो, पैसे भलत्याच माणसाला जातात आणि पाठवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. त्याला 4.

यानंतर आम्ही त्या बाईंची मिनिटभराची चित्रफीत दाखवली, अर्थात त्यांची लेखी परवानगी होती. ती संपल्यावर क्रमांकावरून कोणी वाद घातला नाही. आठ जणांवरून आम्ही टक्केवारी मात्र कधीच काढत नाही. 'आठपैकी पाच' असंच लिहितो, कारण 'साडेबासष्ट टक्के' म्हटलं की ते सगळ्या खातेदारांचं प्रमाण वाटायला लागतं. इतक्या थोड्या माणसांतून अडचण कुठे आणि का आहे ते कळतं. ती किती लाख लोकांना आहे ते कळत नाही.

दुरुस्तीला किती वेळ लागेल हा रकाना आम्ही कोरा ठेवतो. तो डेव्हलपरांनी भरायचा, आणि क्रमांक लागल्यानंतरच. आधी भरला की सोपी कामं आपोआप वर सरकतात. इथे दोन्ही दुरुस्त्या छोट्याच निघाल्या: पाचव्या जागी 'ओ' आला तर ॲपनेच शून्य करायचं, आणि यादीत नावाखाली बँक व खात्याचे शेवटचे चार आकडे दाखवायचे.

नव्या माणसांबरोबर पुन्हा चाचणी घेतली तेव्हा आयएफएससीपाशी कोणी थांबलं नाही. यादीत बरोबर माणूस सगळ्यांनी निवडला, पण एकाच माणसाची एकाच बँकेत दोन खाती असली की काही जण आकडे जुळवायला पासबुक उघडत होते. या अडचणीला आम्ही 2 दिला आणि ती पुढच्या यादीत गेली.