राखीसोबतची चिठ्ठी

शनिवार, ९ ऑगस्ट २०२५
राखी पौर्णिमा

छोट्याची राखी बंगळूरला वेळेत पोचली, हे एव्हाना आमच्या अख्ख्या इमारतीला ठाऊक झालंय. पावसाळ्यात पोस्टाचं काही सांगता येत नाही, म्हणून श्रावण लागल्या लागल्या मी स्पीड पोस्टाने पाकीट धाडलं होतं.

खड्यांच्या मोठाल्या राख्या मी पोस्टाने पाठवत नाही. पाकीट मधेच फुगतं, बाकीच्या टपालाखाली दाबलं जातं, आणि मग खडा तरी निखळतो नाहीतर पाकिटाची कड उसवते. चपटा रेशमी गोंडा असला की काळजी नाही. पण यंदाच्या गोंड्याखाली मी पिवळ्या स्पंजाची एक चकती शिवली. लहानपणी छोट्याला स्पंजाचीच राखी लागायची. खाली मोठी चकती, तिच्यावर लहान, तिच्यावर आणखी लहान, आणि टोकाला सोनेरी कागदाचं फूल. त्या राखीखाली त्याचं मनगट दिसायचं नाही. ती घालून तो अंघोळीलाही जायचा, मग दिवसभर स्पंजातून पाणी टिपकत राही आणि आई ओरडत राही.

पाकिटात कुंकवाची पुडी, अक्षतांची पुडी आणि चिठ्ठी. सकाळपासून फोनवर रेशमी धाग्यांच्या नि अतूट नात्यांच्या ओळी येऊन पडताहेत. पाठवणाऱ्यांचं प्रेम खरंच असतं, पण त्या ओळी कुणाच्याही भावाला चालतात. मला छोट्याला लिहायचं होतं. ते असं लिहिलं:

"छोट्या, राखी बांधलेल्या मनगटाचा फोटो पाठव. टेबलावरच्या पाकिटाचा चालणार नाही. उजव्या हातावर बांधायची. एका हाताने तुला गाठ मारता यायची नाही, तेव्हा शेजारच्या आजींकडे जा आणि त्यांना वाकून नमस्कार कर. अक्षता डोक्यावर टाकायच्या आहेत, त्या भातात घालू नकोस. ओवाळणीचे पैसे पाठवलेस तर परत करीन. मला ओवाळणी म्हणून नारळी भात करून दाखव, कृती मागच्या बाजूला आहे. तुझी ताई. ता. क. माझी निळी छत्री तुझ्याकडेच आहे, मला माहीत आहे."

मागच्या बाजूला आईचा भात, मला जमेल तसा कागदावर उतरवलेला. एक वाटी तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवायचे. आंबेमोहर तिथे शोधत बसू नकोस, सोना मसुरी चालेल, असंही लिहिलं. दोन चमचे तुपात चार लवंगा तडतडल्या की तांदूळ हलक्या हाताने परतायचे, दोन वाट्या कढत पाणी आणि चिमूटभर मीठ घालून भात शिजवायचा आणि परातीत पसरून गार करायचा. मग त्यात वाटीभर ओलं खोबरं आणि पाऊण वाटी चिरलेला गूळ मिसळून सगळं पुन्हा मंद आचेवर. शेवटी वेलची, काजू, बेदाणे आणि वरून तूप.

एका ओळीखाली मी दोन रेघा मारल्या होत्या: गूळ घालण्याआधी भात पुरता शिजलेला हवा. गूळ लागला की दाणा पुढे शिजायचं नाव घेत नाही. मधे कणी राहिली असेल तर नंतर कितीही पाणी शिंपडा, कितीही वाफ आणा, ती दाताखाली येणारच. शीत चिमटीत दाबून बघायचं, मधे पांढरा टणक ठिपका लागला नाही की मगच गूळ.

अकराच्या सुमारास छोट्याचा व्हिडिओ कॉल. चेहरा दिसतच नव्हता, नुसतं पातेलं.

"ताई, खीर झाली!"

मला हसू आवरेना. गूळ वितळला की भाताला पाणी सुटतं आणि पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं, सगळं बिघडलं. ते पाणी आटायलाच ठेवायचं असतं. पण त्याआधी मला कणीची धास्ती होती, म्हणून शीत दाबून दाखवायला सांगितलं. त्याने ते इतकं जवळ धरलं की स्क्रीनभर त्याचा अंगठा. त्यावर शीत मऊ चेपलेलं, मधे काही नाही. माझा जीव भांड्यात पडला.

"आता पातेल्याखाली तवा सरकव, आच बारीक कर, झाकण काढ. आणि डाव खाली ठेव."

"ढवळू नको? खाली लागेल ना."

"तवा आहे म्हणून लागणार नाही. ढवळलंस की शितं मोडतात, मग खरंच खीर होते. कडेकडेने एकदा उलथन फिरव, बस."

तो गप्प बसून पातेल्याकडे बघत राहिला आणि मी त्याच्याकडे. लहानपणी नारळ खवताना आई उठली की तो खोबऱ्याची मूठ भरून पळायचा, नि पकडली मी जायचे. हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला, "तू पळायला हळू होतीस." पंधरा-वीस मिनिटांत पाणी आटलं, कडेला तूप दिसायला लागलं आणि भाताला तो तांबूस रंग चढला. मी दापोलीला आईलाही कॉलमध्ये घेतलं. आईने बारकाईने पाहिलं आणि म्हणाली, "तूप कमी दिसतंय रे." म्हणजे बाकी सगळं बरोबर आहे. आईचं कौतुक असंच येतं.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला. इथे उतरवून ठेवते, फोन बदलला की असलं सगळं जातं.

"ताई, राखी आजींनी बांधली. त्या कन्नडमध्ये बोलल्या, मी मराठीत. नमस्कार केल्यावर त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि चकली दिली. त्यांना वाटीभर भात नेऊन दिला, वाटी रिकामी परत आली. भात आईसारखा नाही झाला, तुझ्यासारखा झालाय, म्हणजे गोड जरा जास्त. स्पंज लगेच ओळखला. आज शनिवार, ऑफिस बंद, त्यामुळे राखी कुणाला दाखवता आली नाही. सोमवारी घालून जाणार आहे. छत्री सापडली. एक काडी मोडलीय, ती मी मोडलेली नाही."

सोबत मनगटाचा फोटो. गाठ आजींनी चांगली घट्ट मारलीय, आणि गोंड्याच्या कडेने पिवळा स्पंज दिसतोय. तो आता मीटिंगा घेतो, माणसं त्याला सर म्हणतात, आणि सोमवारी तो ही राखी घालून त्यांच्यासमोर बसणार. तो खरंच बसेल, मला खात्री आहे. शाळेतही हात कोपरापर्यंत राख्यांनी भरून जायचा आणि पार विटेपर्यंत एकही काढू द्यायचा नाही.

एकटा राहणारा मुलगा सणाला कुणाकडे तरी गेला, कुणीतरी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, याचा मला भातापेक्षा जास्त आनंद झालाय. त्या आजींचं मला नावही ठाऊक नाही. दिवाळीत त्यांच्यासाठी कडबोळी पाठवणार आहे.

मी उत्तर लिहिलं: "काडी कुणी मोडली ते भाऊबिजेला बघू. २३ ऑक्टोबर, गुरुवार. दिवाळीची तिकिटं संपतात, आजच काढ. आणि त्या दिवशी ओवाळणी पैशांतच घेणार आहे, आत्तापासून साठव."

लगेच उत्तर आलं: "तिकीट काढलंय. पैशांचं बघू. गूळ पाऊण वाटीच का, अर्धी का नाही?"

आता त्याला फोन करते. अर्ध्या वाटीने भागत नाही, आणि हे चिठ्ठीत मावणारं नाही.