शंभरावा मेल

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

उत्तर आलं. अकरा महिन्यांत पहिलं. आई साखर वाटायच्या बेतात होती, तिला सोमवारपर्यंत थांबवलंय. आणि मी दुपारपासून एकच गोष्ट उगाळत बसलेय: त्या मेलला रेझ्युमे जोडलेलाच नव्हता.

उत्तर तीन ओळींचं आहे. 'रेझ्युमे जोडायचा राहिला आहे. मुठीबद्दल लिहिलंय ते वाचलं. सोमवारी १० वाजता या, रेझ्युमे छापून आणा.' खाली नुसतं नाव, हुद्दासुद्धा नाही.

लगेच पाठवलेले मेल काढून बघितले. वरपासून खालपर्यंत प्रत्येकापुढे क्लिपचं चिन्ह, फक्त सगळ्यात वरच्यापुढे नाही. नव्व्याण्णव वेळा न चुकता जोडला तेव्हा चिटपाखरू फिरकलं नाही, आणि विसरले तर बोलावणं. म्हणजे त्या कागदाचा फॉन्ट बदलत मी जे वर्ष घालवलं, ते... असो.

वहीत हिशेब आहे. १४ मेल तर `550 5.1.1` म्हणत परत आलेले, म्हणजे तो पत्ताच अस्तित्वात नाही. ते वजा केले तर हा शंभरावा नाहीच, शहाऐंशीवा. शंभरी भरली म्हणून परवा रडले होते, तेही हिशेबात चुकूनच. आणि एकदा कागलच्या कंपनीला 'शिरोलीच्या आपल्या नामांकित कंपनीत' काम करायची माझी किती इच्छा आहे ते कळवलंय. तो मेल आज पहिल्यांदा नीट वाचला. मीसुद्धा मला बोलावलं नसतं.

परवा रात्री मात्र तो जुना मजकूर डकवायचा कंटाळा आला. मामा उद्यमनगरातून येताना फाउंड्रीच्या गेटवरचा पत्ता लिहून घेऊन आला होता. "सॅण्ड लॅबला पोरगी पायजे म्हणत्यात," एवढंच बोलला. मग मी एका फाउंड्रीत केलेल्या प्रोजेक्टचा तो एक दिवस जसा झाला तसा लिहून काढला.

त्या दिवशी मिक्सरवरची वाळू घेतली, बरोबर ५० ग्रॅम. ओव्हनमध्ये १०५ ते ११० अंशांवर तासभर ठेवली आणि पुन्हा तोलली. २.६ ग्रॅम कमी भरली, म्हणजे ओलावा ५.२ टक्के. तिथं साडेतीनच्या आसपास ठेवायचे. पण तास भरायच्या आधीच मोल्डिंगवरच्या काकांनी तीच वाळू मुठीत दाबली, मूठ उघडली, गोळा मधोमध मोडला. तळहात चिकट झाला होता. "पाणी जास्त झालंय, भोकं पडणार," म्हणाले. पडलीच. वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड पडलं की त्या पाण्याची वाफ होते, ती बाहेर निघायला जागा कमी पडली की कास्टिंगमध्ये अडकते. वरून गुळगुळीत दिसणारा तुकडा मशीनवर घासला की आत पोकळी.

मेलच्या शेवटी लिहिलं होतं, 'ओव्हन आकडा देतो, पण तासानं देतो. तोवर साचे भरून होतात. मूठ लगेच सांगते, पण ५.२ की ४.८ ते सांगू शकत नाही. मला दोन्ही शिकायचंय.' मग सही केली आणि पाठवून झोपले. क्लिपची आठवण आज झाली, तीही त्यांनी करून दिली म्हणून.

आता कशामुळं बोलावलं, हे कसं कळणार? त्या मुठीमुळं? की आधीचे मेल कुणी उघडतच नसलेल्या पेट्यांत पडले आणि हा माणसाच्या हातात गेला म्हणून? की त्यांना सोमवारपर्यंत कुणीतरी हवंच आहे? श्वेता म्हणेल नशीब. श्वेताचं ठीक आहे, तिचं पुण्यात...

जाऊ दे. संध्याकाळी राजारामपुरीत प्रिंट काढायला गेले. फाइलचं नाव `Resume_Final_New(2).pdf`. दुकानातल्या पोरानं ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "ह्यातली फायनल हीच ना?" पहिलीच ओळ 'गतिमान संस्थेत आव्हानात्मक पद' वगैरे इंग्रजीत. मला स्वतःचाच राग आला. तिथंच उभी राहून ती ओळ खोडायला लावली आणि त्या जागी सॅण्ड टेस्टिंगची ओळ टाकली. त्याचे त्यानं १० रुपये जादा घेतले.

घरी आले तर मामा अंगणात चप्पल झटकत होता. काळी वाळू, नेहमीची. मी वाकून चिमूटभर उचलली, कोरडी ठक्क होती, बोटांतून गळून गेली. रेझ्युमे जोडला नव्हता हे सगळं त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"सोमवारी डबा न्हेणार, का तिथं कॅन्टीन हाय?"