लंब 6 चा

पूर्वपरीक्षेचा पेपर सरांनी काढायचा आणि मॅडमनी नजरेखालून घालायचा, ही आमच्या शाळेतली वाटणी. गणित भाग 2, 40 गुण. मी पलीकडच्या टेबलावर निबंधांचा गठ्ठा तपासत बसले होते, त्यामुळे ऐकायचं नाही म्हटलं तरी सगळं ऐकू येत होतं.

"सर, पाचव्यातला हा पहिला प्रश्न 3 गुणांना? अहो, हा तर एका ओळीचा आहे."

प्रश्न असा होता: काटकोन त्रिकोणाचा कर्ण 10 सेमी आणि कर्णावर टाकलेला शिरोलंब 6 सेमी असेल, तर त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढा.

"मग काढा की," सर म्हणाले.

"पाया गुणिले उंची भागिले 2. 30 चौसेमी."

सर चहात बिस्कीट बुडवून गप्प बसले. ते गप्प बसले की समोरच्याने काहीतरी गमावलेलं असतं, हे मॅडमना पाच वर्षांच्या सहवासाने ठाऊक होतं. त्यांनी पेन्सिल उचलली. शिरोलंबाने कर्णाचे दोन भाग होतात, त्यांची बेरीज 10. भूमितीमध्याच्या प्रमेयाने त्यांचा गुणाकार लंबाच्या वर्गाइतका, म्हणजे 36. एक भाग x धरला की x² − 10x + 36 = 0. विवेचक 100 वजा 144.

"उणे 44," मॅडम हळूच म्हणाल्या. "सर, हा त्रिकोणच नाहीये!"

"नाहीच."

मग सरांनी माझ्याच गठ्ठ्यातला एक कोरा कागद ओढून घेतला आणि कंपास लावला. 10 सेमीचा व्यास, त्यावर अर्धवर्तुळ. अर्धवर्तुळातला कोन काटकोन, तेव्हा काटकोनाचा शिरोबिंदू त्या कमानीवरच कुठेतरी असणार. कमानीची जास्तीत जास्त उंची 5. 6 वर समांतर रेघ मारली, तर ती कमानीला न शिवता वरून निघून गेली. मला गणितातलं काही कळत नाही, पण ती अधांतरी रेघ कळली.

"हे सुंदर आहे," मॅडम म्हणाल्या, "आणि म्हणूनच पेपरात नको."

"का? दोनपैकी एक सोडवायचा आहे. पर्याय आहे की."

"अहो, सोपा दिसतो तोच पर्याय मुलं उचलणार! 30 लिहिणाऱ्याला किती गुण देणार?"

"शून्य."

"मी 30 च म्हटलं होतं, सर."

सरांनी दुसरं बिस्कीट घेतलं.

"आणि जो विवेचकापर्यंत पोचेल, त्याचं काय?" मॅडमनी सोडलं नाही. "उणे 44 आलं की त्याला वाटणार, आपलंच चुकलं. खोडून पुन्हा करणार. हुशार पोराची वीस मिनिटं जाणार, आणि विचार न करणारा अर्ध्या मिनिटात पुढे. छापील पेपरातली माहिती खरी धरायची, हे आपणच शिकवलंय त्यांना."

"तेच मोडायचंय मला."

"वर्गात मोडा. तिथे ती तुम्हाला विचारू शकतात."

खरं तर मला मध्ये पडायचं नव्हतं. पण मला माझा जुना पराक्रम आठवला. एकदा मी 'पाऊस पडला' या वाक्यातलं कर्म ओळखायला सांगितलं होतं. अकर्मक क्रियापद, कर्म नाहीच, असं चतुर उत्तर मला हवं होतं. झाडून सगळ्यांनी 'पाऊस' लिहिलं. मी रागावले, तर एक मुलगी शांतपणे म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगितलंत ना, क्रियापदाला 'काय' विचारायचं? काय पडला? पाऊस." सापळ्यात मुलं नव्हे, माझी युक्ती सापडली होती. हे मी सांगितलं, तेव्हा मॅडम हसल्या. सर हसले नाहीत, पण बिस्कीट हातातच राहिलं.

मॅडमनी मधला मार्ग सुचवला: 'असा त्रिकोण शक्य आहे का? सकारण लिहा.' सरांना तो पटला नाही. "शक्य आहे का विचारलं, की पोरं समजतात, नाही लिहायचं. चोर कुठे लपलाय ते सांगून मग शोधायला लावण्यात काय अर्थ?" यात मला तरी सरांचं बरोबर वाटलं.

तासाची घंटा झाली. सरांनी लाल पेन काढून 6 खोडला आणि वर 4 लिहिला. खाली भर घातली: 'कर्णाचे झालेले दोन भाग काढा.' मॅडमनी मनातच सोडवलं. बेरीज 10, गुणाकार 16. "2 आणि 8. क्षेत्रफळ 20. आता 3 गुणांचा झाला."

"अळणी झाला," सर म्हणाले आणि खडू घेऊन निघाले.

पुढच्या तासाला मी दहावी 'ब'वर गेले, तर अख्ख्या फळ्यावर अर्धवर्तुळ होतं आणि त्याच्यावर ती अधांतरी रेघ. पुसायला गेले तर मागच्या बाकावरून ओरडा झाला, "बाई, थांबा, आमचं भांडण अजून मिटलेलं नाही." शेवटी उरलेल्या कोपऱ्यात बारीक अक्षरात मी समास शिकवला.