हुक्का ओढावा की नाही?

“शियांचे मुजतहिद, म्हणजे धर्मशास्त्राचे निर्णय देणारे विद्वान, म्हणे स्वतःच्या अकलेने हलाल-हराम ठरवतात. मग हदीस हव्यात कशाला?”

अक्कल चालते ती हदीस, म्हणजे पैगंबरांची आणि इमामांची वचनं, गप्प असतात तिथे, आणि तिथेही ती मोकाट नसते. बारा इमाम मानणाऱ्या इस्ना अशरी शियांत अखबारी आणि उसूली असे दोन पक्ष पडले, त्यांचं भांडण तंबाखूवरून छान कळतं. त्यांच्या शास्त्रग्रंथांतही हेच उदाहरण सर्रास येतं.

तंबाखू अमेरिकेतून आली, इमामांच्या काळानंतर शेकडो वर्षांनी. त्यामुळे तिच्याविषयी ना कुराणात काही, ना हदीसमध्ये. मग हुक्का ओढायचा का?

अखबारी म्हणतात, थांबा. काही गोष्टी उघड हलाल, काही उघड हराम आणि मधल्या संशयाच्या. संशयाचं टाळेल तो वाचेल, असं इमामांचं वचन आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मुहम्मद अमीन अस्तराबादीने ही बाजू जोरात मांडली. मुजतहिद वापरतात ती तर्काची हत्यारं आपल्या लोकांनी सुन्नींकडून उचलली, असा त्याचा राग होता.

उसूली म्हणतात, मनाईचा हुकूम माणसापर्यंत पोचलाच नसेल तर त्याला शिक्षा करणं अन्याय, हे बुद्धीला पटतं. मनाई सापडेपर्यंत माणूस मोकळा. या तत्त्वाला ते बराअत म्हणतात. पण आधी हदीसचे संग्रह नीट धुंडाळायचे, न शोधता ‘मला काही सापडलं नाही’ म्हणायची सोय नाही. आणि दोन भांड्यांपैकी एकातलं पाणी नक्की अपवित्र आहे, फक्त कोणतं ते माहीत नाही, असं असेल तर बराअत लागू होत नाही, दोन्ही टाळायची.

गंमत म्हणजे उसूलीही पुराव्याला हदीस आणतातच. ‘माझ्या अनुयायांवरून नऊ गोष्टींचा भार उतरवला आहे’, या पैगंबरांच्या वचनात ‘जे त्यांना ठाऊक नाही ते’ हीसुद्धा एक गोष्ट आहे. दारूने नशा येते, तंबाखूने चक्कर येते, म्हणून तीही हराम, असा नुसत्या साम्यावरचा कियास तर दोन्ही पक्षांना अमान्य. म्हणून ‘बुद्धी विरुद्ध हदीस’ ही मांडणी मला ढोबळ वाटते.

अठराव्या शतकात उसूली विद्वान वहीद बहबहानीने करबल्यात अखबारींचा जोर मोडला आणि पुढे उसूलींचीच पद्धत रूढ झाली.

मग 1890 मध्ये इराणच्या शाहने तंबाखूचा मक्ता एका इंग्रजाला दिला, त्यावर 1891 च्या डिसेंबरात इराकमधल्या सामर्‍याहून उसूली मुजतहिद मिर्झा शिराझींच्या नावाने फतवा निघाला: यापुढे तंबाखूचं सेवन म्हणजे इमामांशी युद्ध. यात बराअत मोडली असं काहींना वाटतं. मला नाही वाटत. बराअत असते पुरावा नसताना. इथे देशाच्या नुकसानीचं कारण समोर उभं होतं. मक्ता रद्द झाला आणि 1892 च्या जानेवारीत बंदीही उठली.